वेल लांब, कुंडी रिकामी

मनी प्लांट छाटला की भरगच्च होतो, असं नर्सरीवाले सांगतात. हे अर्धंच खरं आहे. टोक छाटून महिनाभर वाट पाहिलेल्या कुणालाही विचारा. छाटलेल्या जागेच्या खालून एक नवा कोंब येतो, फार तर दोन येतात, आणि वेल पुन्हा पूर्वीसारखीच एकेरी धावायला लागते. कुंडीत मात्र मातीपाशी तेच दोन-तीन उघडे दांडे दिसत राहतात. भरगच्च कुंडी हवी असेल तर छाटणी ही कामाची पहिली पायरी आहे. छाटलेले तुकडे पाण्यात मुळं धरल्यावर त्याच कुंडीत परत लावणं ही दुसरी पायरी, आणि खरी भर त्यातूनच पडते. पहिली पायरी बहुतेक जण करतात. दुसरीत तयार झालेली रोपं मात्र बाटलीत घालून शेजारी, बहिणीला, ऑफिसात वाटून टाकतात आणि आपली कुंडी होती तशीच राहते.

हे असं का होतं हे कळायला वेलीची रचना बघायला हवी. वेल हातात घेऊन बोट फिरवलं तर ठरावीक अंतरावर जाडसर गाठी लागतात. प्रत्येक गाठीला एक पान असतं. त्या पानाचा देठ जिथे दांड्याला मिळतो तिथे बेचक्यात एक बारीक डोळा दडलेला असतो. ऊस लावणारा शेतकरी कांडीवरचा डोळा बघूनच बेणं निवडतो. इथेही सगळा खेळ डोळ्याचाच आहे. गाठीच्या दुसऱ्या अंगाला एक तपकिरी, आखूड टेंगूळ दिसतं. ते हवेतलं मूळ. रानात ही वेल त्याच मुळांनी झाडाच्या खोडाला चिकटून वर चढते. म्हणजे एका गाठीत पान, कोंब फुटणारा डोळा आणि तयार होऊ घातलेलं मूळ अशा तिन्ही गोष्टी एकत्र असतात. दोन गाठींमधल्या पेरात यातलं काहीच नसतं. त्यामुळे गाठ नसलेला दांड्याचा तुकडा पाण्यात कितीही दिवस ठेवला तरी कुजण्यापलीकडे काही करत नाही. नुसतं पान देठासकट ठेवलं तर कधीकधी त्याला मुळं फुटतात, पण डोळा नसल्याने कोंब येत नाही. ते पान तसंच महिनोन्‌महिने हिरवंगार राहतं आणि आपण उगाच आशेवर राहतो.

डोळे गाठोगाठी असताना ते सगळे एकदम का फुटत नाहीत? वेलीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते दांड्यातून खाली उतरत राहतं. शेंडा शाबूत आहे तोवर या संप्रेरकाच्या प्रभावाने खालचे डोळे निजलेले राहतात. शेंडा कापला की हा दाब उठतो आणि काप जिथे आहे तिथून सर्वांत जवळचा डोळा आधी जागा होतो. पण जागा झालेला कोंब लवकरच स्वतः शेंडा बनतो, त्याचं ऑक्सिन खाली उतरू लागतं आणि त्याच्या खालचे डोळे पुन्हा निजतात. एका कापातून साधारण एकच फांदी का मिळते, याचं कारण हे. जास्वंदीसारखं झुडूप छाटल्यावर चहूकडून फुटतं तसं इथे होत नाही. मनी प्लांट स्वभावाने वेल आहे आणि प्रत्येक वेलीला एकच घाई असते, पुढे जाण्याची.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. नर्सरीतून आणलेली गच्च भरलेली मनी प्लांटची कुंडी हे एक झाड नसतंच. पाच-सात किंवा त्याहून जास्त तुकडे एकाच कुंडीत दाटीने लावलेले असतात आणि प्रत्येकाची मुळं वेगळी असतात. घरी आल्यावर त्यातले काही पहिल्याच वर्षात जास्त पाण्याने किंवा कमी उजेडाने मरतात. उरलेले दोन-तीन लांबत जातात. म्हणजे कुंडी विरळ होते ती बऱ्याचदा वेलींची संख्या घटल्याने. नर्सरीने केलं तेच आपण घरी पुन्हा करायचं, एवढाच याचा अर्थ.

वेल लांबुडकी होण्याचं दुसरं कारण उजेड. खिडकीपासून दूर, टीव्हीच्या कपाटावर किंवा जिन्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या मनी प्लांटची पेरं लांबत जातात, पानं लहान होतात आणि पिवळे-पांढरे पट्टे पुसट होऊन पान नुसतं हिरवं दिसू लागतं. ती वेल उजेड शोधत निघालेली असते. ओळखण्याची साधी खूण अशी: शेंड्याकडच्या शेवटच्या चार-पाच पेरांची लांबी बघा आणि तीच वेल नवीन होती तेव्हाच्या, मातीजवळच्या पेरांशी ताडून पाहा. दुप्पट झाली असेल तर कात्री हातात घेण्याआधी कुंडीची जागा बदला. नाहीतर छाटणीनंतर येणारा कोंबही तसाच किडकिडीत निघेल. पूर्वेकडच्या खिडकीजवळ, किंवा पश्चिमेची असेल तर पातळ पडद्याआड, हाताच्या अंतरावर कुंडी असावी. दुपारी दिवा न लावता तिथे बसून वर्तमानपत्र आरामात वाचता येत असेल, तर उजेड पुरेसा आहे असं धरून चालायला हरकत नाही.

मातीजवळची पानं गळून दांडा उघडा पडला असेल तर त्या गाठींवर पुन्हा पान येत नाही. एका गाठीला जन्मात एकच पान मिळतं. त्या गाठीवरचा डोळा मात्र बहुधा जिवंत असतो आणि त्यातून नवी फांदी निघू शकते. उघड्या दांड्याला खत घालून पानं परत येतील म्हणून थांबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता एक नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. सहा इंची कुंडी, तिच्यात तीन वेली, प्रत्येक सुमारे दोन मीटर लांब, खिडकीच्या ग्रिलवरून फिरवून नेलेली. प्रत्येक वेलीचा मातीकडचा निम्मा भाग उघडा आहे, पुढच्या निम्म्यावर दहाएक पानं आहेत. पेरं दहा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एका वेलीवर वीसेक गाठी, त्यातल्या दहा पानांच्या आणि दहा उघड्या.

तिन्ही वेली एकाच दिवशी बुडाशी कापण्याचा मोह होतो. तो आवरावा. पानं गेली की झाडाचं पाणी पिणं जवळजवळ थांबतं, पण आपला हात सवयीने तेवढंच पाणी घालत राहतो. ओल्या मातीत मुळं कुजतात आणि उरलेले खुंट काळे पडतात. छाटणीनंतर मनी प्लांट मरतो तो बहुधा कात्रीमुळे नाही, अशा पाण्यामुळे. म्हणून दोन वेली आता कापायच्या आणि तिसरी तशीच ठेवायची. तिची पानं पाणी ओढत राहतील आणि माती वेळेवर सुकेल. छाटलेल्या दोन वेलींना ती अन्न देणार नाही, कारण मुळं वेगळी आहेत. कुंडीतली ओल ताब्यात ठेवणं एवढंच तिचं काम.

काळ कोणता निवडावा? मुंबई-कोकणात बारा महिने चालतं, तरी जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळ्यात झटपट. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत मुळं यायला दुप्पट वेळ लागतो. विदर्भात मे महिन्यात खिडकीतला ग्लास अक्षरशः तापतो, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि तुकडा कुजतो. तिथे पहिल्या पावसानंतरच सुरुवात करावी.

कात्री धारदार हवी आणि स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसलेली हवी. बोथट कात्रीने दांडा चेंगरतो आणि चेंगरलेल्या जागी कूज धरते. मातीच्या वर दोन-तीन गाठी राहतील अशा बेताने, वरच्या गाठीच्या एक सेंटिमीटर वर कापायचं. तिरका की सरळ, याने मनी प्लांटला फरक पडत नाही. कापल्यावर जो रस येतो तो हाताला लागू देऊ नये, निदान त्याच हाताने डोळे चोळू नयेत. या झाडाच्या सगळ्या भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळूने घसा खवखवतो तो यांच्यामुळेच, आणि मनी प्लांट अळूच्याच कुळातला आहे. मांजर किंवा रांगतं मूल घरात असेल तर कापलेले तुकडे जमिनीवर पसरून ठेवू नका.

आता कापलेली वेल टेबलावर आडवी ठेवा आणि शेंड्याकडची बाजू कोणती ते लक्षात ठेवा. पानांच्या भागाचे दोन-दोन गाठींचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याच्या खालच्या गाठीच्या सेंटिमीटरभर खाली काप यायला हवा. खालच्या गाठीचं पान काढून टाका, वरचं ठेवा. दहा पानांच्या भागातून असे चार-पाच तुकडे होतात, दोन वेलींचे मिळून आठ-दहा. लांब वेल न तोडता अख्खी बाटलीत घालणं दिसायला छान, पण त्यातून एकच वेल मिळते. शेंडा एकच आहे ना! तुकडे आखूड आणि संख्येने जास्त, यातच फायदा आहे.

निवड करताना पानांच्या रंगाकडे बघावं. पिवळसर पट्ट्यांच्या वेलीवर एखादी फांदी पूर्ण हिरवी निघते. तिच्या तुकड्यांतून हिरवीच वेल येण्याची शक्यता मोठी. उलट, पांढऱ्या ठिपक्यांच्या मार्बल क्वीन जातीत काही पानं जवळपास पांढरीफटक असतात. त्यांत हरितद्रव्य नावालाच असल्याने असे तुकडे आपलं अन्न बनवू शकत नाहीत आणि बहुधा टिकत नाहीत. दांड्यावर दोन्ही रंगांच्या रेघा आहेत असा तुकडा घ्यावा, कारण कोंब दांड्यातल्या डोळ्यातून येतो, पानातून नाही.

काचेच्या ग्लासात किंवा जुन्या बाटलीत एवढंच पाणी घ्या की खालची गाठ बुडेल आणि पान वर राहील. पाण्यात बुडालेलं पान सडतं आणि सगळं पाणी नासवतं. नळाचं पाणी चालतं. क्लोरीनचा वास तीव्र असेल तर भांडं रात्रभर उघडं ठेवून वापरा. खत घालायचं नाही. मूळ फुटण्याची पावडर नर्सरीवाले देऊ करतात, पण मनी प्लांटच्या गाठीत मूळ आधीच तयारीत असतं, तिची गरज नाही. एका ग्लासात चार-पाच तुकड्यांपेक्षा जास्त गर्दी करू नका, कारण एक कुजला की शेजारचेही बिघडतात.

पाणी चार-पाच दिवसांनी बदलावं, आणि सात दिवसांच्या वर मुळीच ठेवू नये. याचं एक कारण प्राणवायू. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो आणि साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपत जातो. दुसरं कारण डेंग्यू. त्याचा विषाणू वाहून नेणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे लोक घरात येऊन मनी प्लांटच्या बाटल्या बघतात ते यासाठीच. नुसतं पाणी ओतून नवं भरलं तर काचेला चिकटलेली अंडी तिथेच राहतात. म्हणून पाण्याच्या रेषेपाशी आतून ब्रशने घासून काढावं आणि तुकडे वाहत्या पाण्याखाली धुवावेत.

आठवडा ते पंधरा दिवसांत गाठीवरचं तपकिरी टेंगूळ पांढरं होऊन पुढे सरकतं. दांड्याचा कापलेला भाग किंचित तपकिरी पडला तरी घाबरायचं कारण नाही, बोटाने दाबून बघा. घट्ट लागला तर ठीक. मऊ, बुळबुळीत लागला आणि पाण्याला वास येत असेल तर कूज आहे. टणक, हिरवा दांडा लागेपर्यंत वर कापा, गाठ शिल्लक राहत असेल तर नव्या पाण्यात पुन्हा ठेवा. ग्लासच्या काचेवर हिरवट थर आला तर ते शेवाळ. त्याने झाड मरत नाही, पण ग्लासावर उन्हाची तिरीप पडते आहे हे कळतं. ग्लास जरा आत सरकवा किंवा तपकिरी काचेची बाटली घ्या. तीन आठवडे झाले, दांडा टणक आहे, पण मूळ नाही, अशा वेळी बहुतेकदा गाठ पाण्याच्या वर राहिलेली असते किंवा उजेड फारच कमी असतो.

उघड्या दांड्याचे तुकडेही फेकायचे नाहीत, पण त्यांच्याकडून फार घाईने काही मागायचं नाही. पानं नसल्याने ते साठवलेल्या अन्नावरच जगतात. ते उभे पाण्यात ठेवताना खालचं टोक वर गेलं तर डोळा उलटा पडतो, आणि उघड्या दांड्याचं खाली-वर ओळखणं सोपं नसतं. म्हणून त्यांना आडवं निजवलेलं बरं. ओल्या कोकोपीटच्या पसरट डब्यात ते अर्धे दबतील असे ठेवा, वर झाकण सैलसर लावा. कोंब दिसायला महिना-दोन महिने लागतात आणि काही तुकडे वाया जातात. हे मला तरी बोनस वाटतात, हिशोबात धरू नयेत असे.

सगळ्यात जास्त चूक होते ती मुळं आल्यानंतर. बाटलीत मुळांचा पांढरा झुबका दिसू लागला की तो आणखी वाढू द्यावासा वाटतो. पण पाण्यात वाढलेली मुळं मातीतल्या मुळांपेक्षा वेगळी असतात, ठिसूळ, आणि मातीच्या कणांतून पाणी खेचून घेण्याची सवय नसलेली. ती जितकी लांब आणि जुनी, तितका मातीत गेल्यावर धक्का मोठा. मुख्य मूळ पाच सेंटिमीटरच्या आसपास झालं आणि त्याला बारीक फाटे फुटू लागले की लावायची वेळ आली. ही अवस्था साधारण तीन ते पाच आठवड्यांत येते. पाण्यातच वेल ठेवायची असेल तर तीही वर्षानुवर्षं राहते, अधूनमधून द्रवखताचे थेंब दिले तर. फक्त पानं लहान राहतात.

आता त्याच सहा इंची कुंडीकडे परत जाऊ. तिच्यातली माती एव्हाना घट्ट झालेली असते. बागेची माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात घेऊन वरचा थर बदला, आणि मुळांनी कुंडी भरलेली असेल तर आठ इंची कुंडी घ्या, त्याहून मोठी नको. मोठ्या कुंडीत ओल जास्त काळ राहते. पेन्सिलीने भोकं पाडून आठ तुकडे कडेने आणि मधल्या रिकाम्या जागांत लावा. मुळं फुटलेली गाठ मातीखाली दोन-तीन सेंटिमीटर गेली पाहिजे. मुळं दाबून बसवू नका, माती सैल टाका आणि पाण्याने बसू द्या. पहिले पंधरा दिवस माती हाताला ओलसर लागेल अशी ठेवा, कारण पाण्यातून आलेल्या मुळांना कोरड पडलेली सोसत नाही. त्यानंतर हळूहळू नेहमीच्या पद्धतीवर या: वरची दोन बोटं माती सुकली की पाणी. या काळात एखाददुसरं पान पिवळं पडतं, ते स्वाभाविक आहे. सगळीच पानं लोंबली आणि माती ओली असेल, तर पाणी जास्त झालंय.

हिशोब असा झाला: सुरुवातीला तीन शेंडे होते. आता शाबूत ठेवलेल्या वेलीचा एक, दोन खुंटांचे दोन-तीन आणि लावलेल्या तुकड्यांचे आठ, म्हणजे अकरा-बारा. महत्त्वाचं म्हणजे ते सगळे मातीपासून सुरू होतात. नुसत्या छाटणीने तीनाचे फार तर पाच-सहा झाले असते.

कापायला जीव धजत नसेल, आणि मनी प्लांट कापला की पैसा जातो असं मानणाऱ्या घरांत तो धजत नाही, तर दाब कलम हा मार्ग आहे. लांब वेल कुंडीतच गोल फिरवून मातीवर टेकवायची आणि गाठ मातीला घट्ट चिकटेल अशी जुनी हेअरपिन किंवा वाकवलेली तार खोचायची. महिन्याभरात त्या गाठी मातीत मुळं सोडतात. तरी मुळं येणं वेगळं आणि कोंब फुटणं वेगळं. शेंडा शाबूत असेपर्यंत त्या गाठींचे डोळे निजलेलेच असतात, त्यामुळे कधीतरी कात्री लागतेच.

तसं बघितलं तर जगभरातले मनी प्लांट कापूनच पसरले आहेत. हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाचा. त्याचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा 1880 मध्ये झालं. घरात किंवा बागेत त्याला फूल आलेलं कुणी सहसा पाहत नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याचं कारण सापडलं. फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक बनवण्यातला एक जनुक या झाडात नीट काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर फुलं आली. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून दारोदारचा प्रत्येक मनी प्लांट हा कुणाच्या तरी वेलीचा तोडलेला तुकडा आहे.

नव्या तुकड्यांवर दोन-दोन नवी पानं आली की मूळ धरलं असं समजावं. तिथपर्यंत खत देऊ नये. त्यानंतर महिन्यातून एकदा पातळ द्रवखत पुरतं. मग तिसऱ्या वेलीची पाळी. ती बुडाशी दोन गाठी ठेवून कापा, तिचे तुकडे पाण्यात घाला, आणि कुंडीत अजून मोकळी जागा दिसत असेल तिथे लावा. नवे शेंडे कुंडीच्या कडेवरून हातभर खाली उतरले की त्यांतल्या निम्म्यांचे शेंडे एका पानासकट खुडा आणि उरलेल्यांचे पुढच्या महिन्यात.